मोठे सर गेले आणि ऑफिसच्या ईमेलची किल्लीही गेली: सुपर ॲडमिन लॉगिन परत मिळवतानाचा अनुभव

सांगलीत आमचं स्ट्रक्चरल डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. मी तिथे हिशेब, बिलं आणि इतर सगळी 'कोणाची नाहीत म्हणून माझी' अशी कामं बघते. गेल्या जूनमध्ये आमचे मोठे सर फर्ममधून निवृत्त झाले आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियाला राहायला गेले. निवृत्तीचा करार झाला, बँकेत सह्या बदलल्या, जीएसटीत भागीदारांची नोंद बदलली. ऑफिसचे ईमेल गूगल वर्कस्पेसवर आहेत आणि त्याचे सुपर ॲडमिन, म्हणजे सगळ्या खात्यांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे ते, एकटे मोठे सरच आहेत, हे मात्र तेव्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? मेल येत होते, जात होते.

५ फेब्रुवारीला एक नवीन मुलगी रुजू झाली. तिला ऑफिसचा ईमेल आयडी द्यायचा होता. धाकट्या सरांनी admin.google.com उघडलं तर त्यांच्या खात्याला परवानगीच नाही असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात आमच्या ड्राफ्ट्समनने फोन बदलला, टू-स्टेपचा कोड जुन्या फोनवर राहिला आणि त्याचं खातं बंद पडलं. स्क्रीनवर सल्ला होता की तुमच्या ॲडमिनशी संपर्क साधा. ॲडमिन मेलबर्नला.

मोठ्या सरांना व्हॉट्सॲप केलं. ते आजही ऑफिसला आपलं मानतात, त्यामुळे लगेच फोन आला. "अगं, ते दरमहा माझ्या कार्डावरून पैसे जातात ना, तेच का हे? ते कार्ड मार्चअखेर संपतंय हं." म्हणजे आयडी तयार करता येत नाही एवढीच अडचण नव्हती. एप्रिलमध्ये पैसे गेले नाहीत तर काही दिवसांनी सगळ्यांचेच मेल बंद पडले असते. जीएसटीचे ओटीपी, बांधकाम परवानगीच्या पोर्टलच्या सूचना, बँकेचे अलर्ट, सगळं त्याच पत्त्यांवर येतं.

आधी सरळ रस्ता करून बघितला. सरांना तिकडून लॉगिन करायला सांगितलं. पासवर्ड आठवत नव्हता. 'पासवर्ड विसरलात' वर गेल्यावर रिकव्हरीसाठी एका मोबाइलचे शेवटचे दोन आकडे दिसले, १४. तो ऑफिसचा जुना मोबाइल नंबर. सर जाताना तो हँडसेट ड्रॉवरमध्ये ठेवून गेले होते, आणि रिचार्ज कोणी केला नाही म्हणून नंबर केव्हाच बंद झाला होता. दुकानात जाऊन विचारलं तर तो नंबर आता दुसऱ्याच कोणाच्या नावावर होता. तिथे मी फोन लावून "तुम्हाला आलेला कोड सांगता का" म्हणणं म्हणजे स्वतःहून पोलिसांत नाव जाण्यासारखं. तो रस्ता तिथेच सोडला.

तुमच्याकडे असं झालं असेल तर याच टप्प्यावर दोन गोष्टी बघून घ्या. एक, ऑफिसातल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या माणसाचं खातं अजून उघडं आहे का. आमच्याकडे सरांचा पीसी फॉरमॅट करून दुसऱ्याला दिला होता, त्यामुळे ते गेलं. पण असला तर काही फॉरमॅट करू नका, साइन आउट करू नका. दोन, आणखी कोणी सुपर ॲडमिन आहे का. दुसरा सुपर ॲडमिन असेल तर तो पहिल्याचा पासवर्ड बदलून देऊ शकतो आणि हा लेख पुढे वाचायची गरज नाही. फक्त युजर बनवण्यापुरता ॲडमिन असलेल्याला मात्र सुपर ॲडमिनचा पासवर्ड बदलता येत नाही.

मधे एक प्रसंग घडला तो सांगते. आमच्या एका उत्साही इंजिनिअरने इंटरनेटवर 'गूगल सपोर्ट नंबर' शोधून फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. पाच मिनिटांत तो म्हणाला, कॉम्प्युटरवर स्क्रीन दाखवायचं ॲप टाका आणि तीन हजार रुपये 'व्हेरिफिकेशन फी' भरा. मी शेजारीच होते, फोन ठेवायला लावला. या प्रक्रियेत गूगलला एक रुपयाही द्यावा लागत नाही आणि फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही. कोणी पैसे भरून बसलंच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

मग मी माझ्या ओळखीच्या वाटेने गेले, म्हणजे बिलांच्या. हे वर्कस्पेस घेतलं कोणाकडून? पुष्कळ ऑफिसं ते एखाद्या विक्रेत्यामार्फत घेतात आणि तसं असेल तर तो विक्रेता आपल्या पॅनेलमधून सुपर ॲडमिनचा पासवर्ड बदलून देऊ शकतो. बिलावर गूगलचं नाव आहे की दुसऱ्या कंपनीचं, एवढं बघितलं की कळतं. सीए साहेबांच्या ऑफिसातून जुन्या वर्षांची फाइल मागवली. बिलं थेट गूगलची निघाली. म्हणजे विक्रेता नाही. पण त्या फाइलचा उपयोग पुढे इतका झाला की सीए साहेबांच्या त्या पोराला मी चहा नाही, जेवण दिलं.

धाकट्या सरांनी गूगलचं मदतपान वाचून काढलं. सुपर ॲडमिन हाताशी नसेल तर गूगल एका फॉर्ममधून अर्ज घेतं. तो इथे आहे: toolbox.googleapps.com/apps/recovery. अर्ज करणारा खरोखर त्या ऑफिसचा आहे हे ते मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतात. पहिली, तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याचे मेल आणि वेबसाइट कुठे आहेत ते सांगणाऱ्या नोंदवहीत, ते सांगतील ती नोंद तुम्ही घालू शकता का. दुसरी, खात्याच्या जुन्या तपशिलाबद्दलचे प्रश्न. आधार, पॅन, लेटरहेडवरचं पत्र यांचं कौतुक तिथे नाही. डीएनएस म्हणजे डोमेनचा सातबारा म्हणा. त्यावर फेरफार करून दाखवलात तर जमीन तुमच्या ताब्यात आहे असं ते मानतात.

तर आता प्रश्न आला, आमचा सातबारा कोणाकडे?

डोमेन कुठे नोंदवलंय हे lookup.icann.org वर कोणालाही बघता येतं. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवलंय, केव्हा सुरू झालं, केव्हा संपणार आणि त्याच्या डीएनएसच्या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हर कोणते, हे दिसतं. नेमसर्व्हरची ओळ सगळ्यात महत्त्वाची. डोमेन एका कंपनीकडे विकत घेतलेलं असतं आणि डीएनएसच्या नोंदी दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असतात, असं फार वेळा घडतं. आमचं तसंच होतं. डोमेनची कंपनी वेगळी आणि नेमसर्व्हर आमची वेबसाइट जिथे ठेवली आहे त्या होस्टिंगचे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच असं बघता येतं (आमच्या डोमेनच्या जागी नमुन्याचं नाव घातलंय):

```
nslookup -type=NS example.com
```

उत्तरात जे नेमसर्व्हर येतील त्यांच्याच पॅनेलमध्ये घातलेली नोंद जगाला दिसते. डोमेन कंपनीच्या पॅनेलमध्येही डीएनएसचं पान असतं, तिथे नोंद घातली तर ती मुकाट्याने सेव्हही होते, पण तिला कोणी विचारत नाही. हे आधी बघून ठेवल्यामुळे आमचे निदान दोन दिवस वाचले असतील.

होस्टिंग आणि डोमेन दोन्ही आमच्या वेबसाइटवाल्याच्या हातात होतं. हा मुलगा सातेक वर्षांपूर्वी वेबसाइट करून गेला होता. डोमेनही त्यानेच स्वतःच्या खात्यातून घेतलं होतं. मोठ्या सरांशी त्याचं तोंडी चालायचं, सर गेल्यापासून त्याला कोणी फोन केला नव्हता आणि दोन वर्षांच्या देखभालीचे पैसेही दिले नव्हते. त्याला ऑफिसला बोलावलं. तो आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "मॅडम, मी नोंद घालून देतो हो, पण माझे मागचे बारा हजार बाकी आहेत." मी बिल मागितलं, त्याने तिथेच मोबाइलवरून पाठवलं, मी तिथेच पैसे टाकले. धाकट्या सरांना घासाघीस करायची होती, पण ज्या माणसाच्या पॅनेलवर आपली मेलव्यवस्था उभी आहे त्याच्याशी दोन हजारांसाठी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि पैसे त्याचे खरोखरच बाकी होते. त्याच बैठकीत डोमेन फर्मच्या नावावर करून देण्याचं त्याच्याकडून ईमेलवर लिहून घेतलं. पैसे देतानाच हे करा, नंतर प्रत्येक गोष्टीला 'उद्या बघू' असतं.

१४ फेब्रुवारीला, तो समोर बसलेला असतानाच, आम्ही फॉर्म भरला. फॉर्ममध्ये डोमेनचं नाव, अडचण काय आहे ते आणि संपर्काचा ईमेल विचारतात. संपर्कासाठी आम्ही धाकट्या सरांचा खासगी जीमेल दिला. ऑफिसचा मेल चालू असला तरी त्याच डोमेनचा पत्ता देऊ नये असं मला वाटतं, कारण मधेच पैसे थकून मेल बंद पडले तर गूगलचं उत्तरही त्यातच अडकेल. अडचण लिहिताना पासवर्ड आणि टू-स्टेपचा फोन दोन्ही गेलंय असं स्पष्ट लिहिलं. नुसता पासवर्ड लिहिला असता तर नवीन पासवर्ड मिळूनही पुढच्या पायरीला बंद नंबरवर कोड गेला असता.

फॉर्मने एक आकडी संदर्भ क्रमांक दिला आणि सांगितलं की या क्रमांकाच्या नावाने एक CNAME नोंद घाला, जी google.com कडे बोट दाखवेल. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'झोन एडिटर' नावाचं पान असतं, तिथे ती घातली. क्रमांक नमुन्याचा आहे:

```
Name:   12345678
Type:   CNAME
TTL:    3600
Target: google.com
```

इथे एक गंमत असते. काही पॅनेलं 'नाव' या रकान्यात तुम्ही जे लिहाल त्याच्यापुढे डोमेन आपोआप जोडतात, काही जोडत नाहीत. जोडणाऱ्या पॅनेलमध्ये तुम्ही पूर्ण 12345678.example.com लिहिलंत तर नोंद 12345678.example.com.example.com या नावाने तयार होते. पॅनेल हिरवी खूण दाखवतं, गूगलला मात्र काहीच सापडत नाही. सेव्ह केल्यावर यादीत ती ओळ पूर्ण कशी दिसते ते वाचायचं. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील तर त्या ओळीसमोरचा नारिंगी ढग बंद करून 'DNS only' ठेवा, नाहीतर बाहेरून CNAME दिसतच नाही. आणि या खटाटोपात जुन्या MX नोंदींना हात लावू नका. त्यांच्यामुळेच तर मेल येतायत.

नोंद बाहेरून दिसते का हे आम्ही असं तपासलं:

```
nslookup -type=CNAME 12345678.example.com 8.8.8.8
```

उत्तरात `canonical name = google.com` अशी ओळ आली की झालं. 'Non-existent domain' आलं तर लगेच घाबरून नोंद बदलू नका. नोंद घालायच्या आधीच कोणी ती शोधली असेल तर 'नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ साठवून ठेवलं जातं. आमच्याकडे ती अर्ध्या तासात दिसायला लागली. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, सवयीने.

मग वाट बघणं. धाकटे सर दर तासाला जीमेल उघडत होते. पहिल्या दिवशी फक्त अर्ज मिळाल्याचा मेल आला. एकानं सुचवलं की फॉर्म परत भरूया, म्हणजे लक्ष वेधलं जाईल. मी नको म्हटलं. प्रत्येक अर्जाला नवा क्रमांक मिळतो, त्याची नोंद वेगळी घालावी लागते, आणि दोन धागे झाले की कोणत्या मेलला काय उत्तर दिलं याचा गोंधळ होतो. सरकारी कचेरीत एकाच कामाचे दोन अर्ज दिले की काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. दुसऱ्या एकाचं म्हणणं होतं की हे सगळं सोडा, त्याच डोमेनवर नवीन वर्कस्पेस खातं उघडू. तेही होत नाही. डोमेन आधीच वापरात आहे असं उत्तर येतं. आणि झालं असतं तरी जुने मेल आणि ड्राइव्हवरची ड्रॉइंग जुन्या खात्यातच राहिली असती.

१७ तारखेला प्रश्नांचा मेल आला. खातं साधारण केव्हा उघडलं, उघडताना दुसरा ईमेल पत्ता कोणता दिला होता, किती युजर आहेत, बिलाचा पत्ता काय, बिलाचा किंवा ऑर्डरचा क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, अशा धर्तीचे. ही परीक्षा खरं तर माझीच होती आणि मला ती आवडली.

खातं केव्हा उघडलं हे सरांना '२०१७ किंवा २०१८' एवढंच आठवत होतं. मी माझ्याच मेलबॉक्समध्ये सगळ्यात जुना मेल शोधला. जीमेलमध्ये मेलच्या संख्येवर क्लिक केलं की 'सर्वांत जुने' असा पर्याय येतो. पण मी चार महिने उशिरा रुजू झाले होते, म्हणून ड्राफ्ट्समनच्या सोबत्याच्या मेलबॉक्समध्ये बघितलं, तो पहिल्या दिवसापासून होता. तिथे 'वर्कस्पेस' शब्द शोधून काही मिळेना. मिळणार कसं, गूगलने वर्कस्पेस हे नाव ऑक्टोबर २०२० मध्ये दिलं. त्याआधी ते 'जी सूट' होतं, आणि सप्टेंबर २०१६ च्याही आधी 'गूगल ॲप्स'. म्हणून असं शोधलं:

```
"G Suite" before:2019/01/01
```

लगेच स्वागताचा मेल मिळाला, तारीख ११ एप्रिल २०१८. सीए साहेबांच्या फाइलमधलं पहिलं बिल मे २०१८ चं होतं, म्हणजे दोन्ही जुळत होतं. बिलावरच युजरची संख्या, बिलिंगचा क्रमांक आणि पत्ता होता. पत्ता आमच्या जुन्या गाळ्याचा, विश्रामबागचा. आताचा पत्ता लिहिला असता तर चुकलं असतं. आपण आज कुठे आहोत हे त्यांनी विचारलेलं नाही. त्यांच्या नोंदीत जे आहे तेच विचारलंय.

कार्डाचे शेवटचे आकडे सरांनी सांगितले, फक्त चारच, पूर्ण नंबर आम्ही मागितला नाही आणि कोणी मागूही नये. दुसरा ईमेल पत्ता मात्र कोणालाच आठवेना. सरांनी रात्री विचार केला आणि सकाळी मेसेज टाकला, "माझा रेडिफमेलचा असणार. तेव्हा मी सगळीकडे तोच द्यायचो." तो पत्ता कित्येक वर्षांत उघडला नव्हता, पण आम्हाला तो उघडायचा नव्हता, फक्त लिहायचा होता.

युजरच्या संख्येबद्दल एक सांगते. ऑफिसात माणसं नऊ, पण बिलावर बारा. एक खातं सरांचं स्वतःचं आणि दोन सोडून गेलेल्यांची, जी कोणी काढलीच नव्हती. आम्ही बारा लिहिले आणि खाली एका ओळीत खुलासा केला. उत्तर नवीन मेल करून पाठवलं नाही, आलेल्या मेललाच रिप्लाय केला, विषयाची ओळ न बदलता. जे नक्की माहीत नव्हतं ते 'नक्की आठवत नाही' असंच लिहिलं. सरांचं 'माझी हरकत नाही' असं पत्र आम्ही मागवून ठेवलं होतं. ते गूगलने मागितलं नाही, पण आमच्या फाइलला लागणार होतं.

परत शांतता. मधे एकदा नोंद अजून आहे ना असा एक मेल आला. वेबसाइटवाल्याने काम झालं समजून ती पुसली नाही ना, म्हणून मी वरचीच कमांड परत चालवून बघितली. होती. शेवटचं उत्तर येईपर्यंत ती राहू द्या. तिने वेबसाइटला किंवा मेलला काही होत नाही.

२४ फेब्रुवारीच्या सकाळी पासवर्ड बदलायची लिंक आली. ती उघडण्याआधी आम्ही एक गोष्ट केली. मोठ्या सरांना फोन केला. हे खातं नुसतं ॲडमिनचं नव्हतं, त्यांचा सात वर्षांचा मेलबॉक्स त्यातच होता. घरच्यांचे, डॉक्टरांचे, बँकेचे मेलही असणार. पासवर्ड आम्ही बदलला की ते सगळं आमच्या हातात येतं. कायद्याने खातं फर्मचं असेल, पण म्हणून कोणाचं टपाल वाचायचं नसतं. ठरलं असं की लॉगिन धाकटे सर आणि मी दोघं मिळून करणार, आधी दुसरा सुपर ॲडमिन करणार आणि सरांचा मेलबॉक्स त्यांच्याशी बोलूनच हाताळणार.

लिंक उघडली, पासवर्ड ठेवला, आत गेलो. टू-स्टेपने जुना नंबर विचारला नाही. admin.google.com वर डावीकडची ती लांबलचक यादी पहिल्यांदा दिसली तेव्हा धाकटे सर म्हणाले, "एवढंच होतं होय!" मी काही बोलले नाही.

पहिल्या तासात केलेली कामं अशी. कोणा माणसाच्या नावाने नसलेलं एक वेगळं खातं तयार केलं आणि त्याला सुपर ॲडमिन केलं. धाकट्या सरांच्या नेहमीच्या खात्याला मुद्दाम केलं नाही, कारण ज्या खात्यात दिवसभर बाहेरचे मेल आणि अटॅचमेंट उघडतात त्याच्याकडेच सगळ्या किल्ल्या नकोत. याच्या लायसन्सचे पैसे जास्तीचे जातात, जाऊ देत. दुसरा सुपर ॲडमिन दुसऱ्या भागीदार मॅडमच्या ताब्यात दिला. दोन्ही खात्यांना रिकव्हरीचा फोन आणि ईमेल घातला, आणि फोन फर्मच्या नावावरचा, ज्याचं रिचार्ज माझ्या यादीत आहे. टू-स्टेपचे बॅकअप कोड छापून दोन पाकिटांत घातले, एक तिजोरीत, एक सीए साहेबांकडे. मग नवीन मुलीचा आयडी आणि ड्राफ्ट्समनचं लॉगिन. ज्या दोन कामांसाठी एवढं झालं त्यांना मिळून चार मिनिटं लागली.

बिलिंग त्याच दिवशी हाती घेतलं, कारण कार्ड मार्चअखेर संपणार होतं. फर्मचं कार्ड घालून ते मुख्य केलं आणि नंतर सरांचं कार्ड काढलं, या क्रमाने. तिथेच दिसलं की जीएसटी क्रमांक कधी भरलाच नव्हता. म्हणजे इतकी वर्षं १८ टक्के कर भरून त्याचं क्रेडिट आम्ही कधी घेतलंच नाही. क्रमांक घातल्यानंतरच्या बिलांवर तो यायला लागला. मागचं गेलं ते गेलं.

सरांचं खातं मिटवायला मार्च उजाडला, आणि इथे घाई करू नये. मूळ सुपर ॲडमिन हाच खात्याचा 'प्राथमिक ॲडमिन' असतो. आधी खात्याच्या सेटिंगमध्ये ते पद नव्या ॲडमिनकडे द्यावं लागतं, त्याशिवाय जुना युजर काढता येत नाही. नुसतं सस्पेंड करून ठेवलं तर लायसन्सचे पैसे चालूच राहतात. आणि काढताना ड्राइव्हच्या फाइल दुसऱ्याच्या नावे करायचा पर्याय येतो, तो घेतलाच पाहिजे. आमची २०१८ पासूनची निम्मी ड्रॉइंग सरांच्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे त्यांच्या मालकीची होती. आम्ही रोज ती उघडत होतो म्हणून ती 'ऑफिसची' वाटत होती, एवढंच. मेल मात्र त्या पर्यायातून जात नाहीत. ते वेगळे हलवावे लागतात.

आम्ही एका रविवारी सरांना तात्पुरता पासवर्ड दिला. त्यांनी तिकडे बसून आपले खासगी मेल आणि फोटो उतरवून घेतले आणि खात्यातून काढून टाकले. उरलेले प्रकल्पांचे मेल आम्ही ॲडमिनच्या डेटा मायग्रेशनमधून projects या नव्या खात्यात आणले. आठवडाभर ताळा केला, जुन्या कामांची नावं शोधून मेल सापडतायत ना ते बघितलं, मगच खातं काढलं. काढल्यावर वीस दिवसांपर्यंत ते परत आणता येतं, हे माहीत असूनही माझा हात बटणावर थोडा थांबलाच. नंतर सरांचा जुना पत्ता projects ला उपनाव म्हणून जोडला, कारण महापालिकेतले काही लोक अजूनही त्यांनाच मेल करतात. ती दोन सोडून गेलेल्यांची खातीही त्याच पद्धतीने काढली, त्यामुळे वेगळ्या ॲडमिन खात्याचे पैसे भरूनही बिल फारसं वाढलं नाही.

राहिलं डोमेन. या सगळ्यातून मला एक गोष्ट अस्वस्थ करून गेली ती ही, की ज्या वाटेने आम्ही आत गेलो तीच वाट ज्याच्या हाती डीएनएस आहे त्या कोणालाही अर्धी उघडी असते. पुढचे प्रश्न त्याला अडवतील, पण MX नोंदी बदलून सगळे मेल दुसरीकडे वळवायला त्याला गूगलची परवानगी लागत नाही. आमचा वेबसाइटवाला सज्जन आहे, पण त्याच्या पॅनेलचा पासवर्ड कोणाला माहीत आहे ते मला माहीत नाही. म्हणून फर्मच्या नावाने एका डोमेन कंपनीकडे खातं उघडलं. मात्र त्या खात्याला दिलेला ईमेल याच डोमेनवरचा ठेवला नाही, नाहीतर डोमेन गेलं की ते परत मिळवायचा पत्ताही गेला. वेबसाइटवाल्याने लॉक काढून हस्तांतराचा कोड दिला. .com डोमेन हलवताना एका वर्षाचं नूतनीकरणही त्यातच भरावं लागतं आणि मुदत तेवढी वाढते, त्यामुळे खर्च फारसा वेगळा पडला नाही. डोमेन नुकतंच घेतलेलं किंवा हलवलेलं असेल तर साठ दिवस ते हलवता येत नाही, आमचं जुनं होतं. हलवण्याआधी झोन एडिटरमधल्या सगळ्या नोंदींचे फोटो काढून घेतले. नेमसर्व्हर बदलले नाहीत, त्यामुळे मेल एक क्षणही थांबले नाहीत.

गूगलकडे खर्च शून्य, वेबसाइटवाल्याचे थकलेले बारा हजार, डोमेनच्या हस्तांतराचे हजारबाराशे, आणि सीए साहेबांच्या पोराचं जेवण. संदर्भ क्रमांकाची ती CNAME नोंद एप्रिलमध्ये काढून टाकली. आता भागीदारी बदलाच्या आमच्या कागदांच्या यादीत बँक आणि जीएसटीच्या खाली आणखी दोन ओळी मी घातल्यात: सुपर ॲडमिन कोण, आणि डोमेन कोणाच्या खात्यात.